मेंदूचं वय त्रेचाळीस

आमच्या घरात आठ महिने रोज सकाळी एक निकाल लागायचा. चहा व्हायच्या आत लागायचा आणि पहिला नंबर कायम एकाच विद्यार्थ्याचा असायचा, कारण परीक्षेला बसणारा तोच एकटा.

"अगं, ऐकलंस का? त्रेचाळीस!" मास्तर बाहेरच्या खोलीतून ओरडायचे.

मास्तर म्हणजे माझे यजमान. एकतीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. सारं गाव त्यांना मास्तर म्हणतं, तेव्हा मीही म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'च. वय वर्षं एकाहत्तर. त्रेचाळीस हे त्यांच्या मेंदूचं वय, असं त्यांच्या मोबाईलमधलं ॲप म्हणतं. बाकीच्या देहाचं वय काय झालं, ते जिना चढताना गुडघे सांगतात. पण गुडघ्यांचं ॲप अजून निघालेलं नाही.

हे ॲप जावयाने आणलं. सासऱ्यांच्या निवृत्तीला तेरा वर्षं झाली, ते दिवसभर खुर्चीत बसून असतात, हे पाहून त्याने वाढदिवसाला वर्षभराची वर्गणीच भरून टाकली. जावई गुणी आहे, फक्त त्याला वाटतं की जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कुठेतरी बटण असतंच. "रोज पंधरा मिनिटं खेळा बाबा. मेंदूला व्यायाम. स्मरणशक्ती तल्लख राहते, विसरभोळेपणा दूर पळतो," असं त्याने ॲपच्या जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

पहिल्या दिवशी मेंदूचं वय आलं एकोणऐंशी. मास्तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग त्यांनी कंबर कसली. पालथ्या पत्त्यांच्या जोड्या लावायच्या, उडून गेलेले पक्षी कुठल्या फांदीवर होते ते सांगायचं, निळ्या शाईत 'लाल' असं लिहिलेलं दिसलं की शब्द सोडून रंग ओळखायचा, दुकानातल्या सामानाची यादी क्षणभर बघून पाठ म्हणायची. पंधरा मिनिटांचा तास झाला, तासाचे दोन झाले. एकोणऐंशीचे अडुसष्ट, मग सत्तावन्न, असं करत दिवाणखान्यातले आजोबा माझ्या डोळ्यांदेखत तरुण होत गेले. 'तुम्ही तुमच्या वयाच्या ९४ टक्के खेळाडूंपेक्षा पुढे आहात' असं ॲपने कळवलं, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून ते वाचायला लावलं.

मी वाचलं. आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं तेही वाचलं, कारण माझा स्वभावच तसा. भिंग आणावं लागलं. 'हे ॲप कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करत नाही.'

"अहो, हे बघितलंत का?"

"ते वकिलांसाठी असतं," मास्तर म्हणाले आणि पक्षी शोधायला लागले.

मला तेव्हाच शंका होती आणि शंकेला कारण माझ्या स्वतःच्या डोक्यात होतं. मी सोळा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गावातले चारेकशे नंबर मला तोंडपाठ होते. माणसाने नाव पुरं घ्यायच्या आत मी नंबर जोडायचे. रोज आठ तास असा व्यायाम, तोही पगारी. आता या जाहिरातवाल्यांच्या हिशेबाने माझी स्मरणशक्ती लोखंडासारखी व्हायला हवी होती. झालं काय? घरी माझं दूध तेव्हाही उतू जायचं, चष्मा तेव्हाही डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे आणि नणंदेचा वाढदिवस तर मी सलग अकरा वर्षं विसरले. (त्यातली दोन वर्षं मुद्दाम.) नंबर पाठ करून मला नंबर पाठ झाले. बाकी डोकं होतं तिथेच राहिलं.

मी हे मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी पद्धत शास्त्रीय नव्हती."

एवढ्यावर हे प्रकरण थट्टेत निघून गेलं असतं. पण मग तो बुधवार आला.

आमची लेक याच गावात, दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. तिची चार वर्षांची मुलगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती बसलेली कुणी पाहिलेली नाही, बालवाडीत जाते. लेक आणि जावई दोघं नोकरीवर. त्यामुळे दुपारी साडेबाराला भिंगरीला आणण्याचं काम मास्तरांचं. हे काम त्यांना निवृत्तीनंतर मिळालेलं एकमेव काम होतं असं म्हटलं तरी चालेल. बारालाच ते कपडे बदलून, केस विंचरून, पायात चपला घालून बसत. शाळेत असताना घंटेच्या आधी वर्गाच्या दाराशी उभे राहायचे ना, तसेच.

त्या बुधवारी सव्वा वाजता बालवाडीतून फोन आला की भिंगरी अजून इथेच आहे. मी धावत गेले. ती मदतनीस बाईंच्या मांडीवर बसून सफरचंद खात होती, मजेत होती. आजोबांचा पत्ता नव्हता; तिला बरोबर घेऊन मी शोधायला निघाले. ते सापडले त्यांच्या जुन्या शाळेच्या फाटकाशी. तिथे ते साडेबारापासून नातीची वाट बघत उभे होते. शाळेच्या पहारेकऱ्याने ओळखून खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, आणि जुन्या सरांना कसं विचारावं म्हणून तो काहीच विचारत नव्हता.

"सुटायला उशीर झालेला दिसतोय आज," मला बघून मास्तर म्हणाले. मग त्यांनी भिंगरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

संध्याकाळी लेक आली. ती रागावली नव्हती, हेच वाईट. "बाबा, थोडे दिवस मी दुसरी सोय करते. तोवर आपण एकदा दवाखान्यात दाखवून घेऊ. स्मरणशक्तीची तपासणी असते."

मास्तरांनी उत्तरादाखल मोबाईल पुढे केला. "त्रेचाळीस," ते म्हणाले. "चौऱ्याण्णव टक्क्यांच्या पुढे. ज्याची स्मरणशक्ती गेली त्याला हे जमेल?"

लेक माझ्यासारखीच आहे, तिने वाद घातला नाही. स्वतःच्या मोबाईलवर दुसऱ्याच कंपनीचं तसलंच फुकटातलं ॲप उतरवून घेतलं आणि बाबांच्या हातात दिलं. इथे पक्ष्यांऐवजी मासे होते, पत्त्यांऐवजी दारं होती आणि बटणं वेगळ्या कोपऱ्यात होती. वीस मिनिटांनी निकाल लागला. मेंदूचं वय शहात्तर.

तोच दिवस, तेच मास्तर, आणि दोन मोबाईलमध्ये तेहेतीस वर्षांचा फरक!

"पेपर दुसऱ्या बोर्डाचा होता," मास्तर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "घ्या तारीख. देतो परीक्षा. पास झालो की भिंगरीला मीच आणणार. कबूल?"

लेक म्हणाली, "कबूल." तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

आता इथे आमच्या हातून एक चूक झाली. आमच्या म्हणते, कारण मी सामील होते.

मास्तरांची सगळी हयात मुलांना परीक्षेला बसवण्यात गेली. त्यांच्या 'हमखास येणाऱ्या प्रश्नां'ची वही गावात प्रसिद्ध होती. परीक्षा म्हटली की मागच्या वर्षांचे पेपर काढायचे, प्रश्नांची पद्धत ओळखायची, वेळ लावून सराव करायचा. या माणसाच्या हातात तीन आठवडे दिल्यावर तो दुसरं काय करणार? त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. दवाखान्यात स्मरणशक्तीची तपासणी कशी करतात याचे व्हिडिओ चिकार निघाले. एकात तर अख्खी प्रश्नपत्रिकाच दाखवली होती. ठोकळ्याचं चित्र बघून तसंच काढा. घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवा. शंभरातून सात वजा करत जा. पाच शब्द ऐका, लगेच म्हणा आणि पाच मिनिटांनी पुन्हा म्हणा.

"हा बघ, पॅटर्न," मास्तरांचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना इतकं खूश पाहत होते, म्हणून मी काही बोलले नाही. उलट परीक्षक झाले. ते आंघोळीला निघाले की मी विचारायचे, "पाच शब्द?" आणि न्हाणीघरातून आवाज यायचा, "कात्री, कापूस, खिडकी, बदक, निळा!" त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट हे तर ते झोपेतही म्हणाले असते. घड्याळं काढून काढून दोन वह्या भरल्या. दुधाच्या पिशवीवर घड्याळ, विजेच्या बिलामागे घड्याळ.

मनातून मला एक गोष्ट टोचत होती. या तीन आठवड्यांत त्यांनी मला 'आज वार कोणता' हे रोज तीनदा विचारलं होतं. पण पाच शब्द बिनचूक येत होते, आणि जे येतं त्याकडे बघणं सोपं असतं. मलाही ते पासच व्हायला हवे होते.

ठरल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. तपासणी करणाऱ्या बाई मानसशास्त्रज्ञ होत्या, वयाने आमच्या लेकीपेक्षाही लहान. टेबल, दोन खुर्च्या, एक फाईल, एक पेन्सिल. मी कोपऱ्यात बसले. मास्तरांनी खिशातून स्वतःच्या दोन टोकदार पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या.

बाईंनी हसून सुरुवात केली. "सर, मी आता पाच शब्द सांगणार आहे. नीट ऐका आणि माझं झालं की म्हणून दाखवा. कात्री..."

"कापूस, खिडकी, बदक, निळा!" मास्तर म्हणाले.

वर्गात सगळ्यात आधी हात वर करणाऱ्या मुलासारखे मास्तर बाईंकडे बघत होते. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ओठ घट्ट मिटून त्या खिडकीकडे बघायला लागल्या. त्या हसू दाबत होत्या हे मला नंतर कळलं. मग म्हणाल्या, "सर, पेपर फुटलाय."

मास्तरांचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत ज्यांनी कॉपीच्या चिठ्ठ्या पकडून पकडून पोरांना वर्गाबाहेर काढलं, त्यांना कुणी हे म्हणावं! "मी कॉपी केलेली नाही," ते म्हणाले. "मी अभ्यास केलाय."

"तेच सांगते सर. ही अभ्यास करून पास व्हायची परीक्षाच नाही. ताप मोजताना थर्मामीटर गार पाण्यात बुडवला, तर पारा खालीच दिसणार. माणसाचा ताप तेवढाच राहणार."

"पण ॲप म्हणतं..." मास्तरांनी मोबाईल काढला. त्यांनी बाईंना पत्ते दाखवले, पक्षी दाखवले, एकोणऐंशीपासून त्रेचाळीसपर्यंत उतरत गेलेली रेघ दाखवली. बाईंनी कंटाळा न करता सगळं बघितलं.

"ही प्रगती खरी आहे सर. तुम्ही हे खेळ खेळायला खरंच पटाईत झालाय. पण त्यातली थोडी प्रगती बोटं सरावली म्हणून, थोडी युक्त्या सापडल्या म्हणून. ज्या गोष्टीचा सराव करावा ती सुधारते, तिच्यासारखी दुसरी एखादी गोष्ट थोडीफार सुधारते. पण पक्षी लक्षात ठेवल्याने रोजच्या जगण्यातलं सगळंच लक्षात राहायला लागतं, असं काही दिसून आलेलं नाही. आणि मेंदूचं वय हा आकडा आम्ही दवाखान्यात वापरत नाही. तो त्यांचा गुण आहे, त्यांनीच ठरवलेला."

"म्हणजे सगळं खोटं?"

"सगळं खोटं असं नाही म्हणणार. काही प्रकारच्या सरावांचा थोडा उपयोग दिसलाय, त्यावर संशोधन चालू आहे. पण हे खेळल्याने विसरण्याचा आजार होणारच नाही, अशी हमी आज कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मजा येत असेल तर जरूर खेळा. फक्त त्याच्या निकालावरून स्वतःची तब्येत ठरवू नका."

मास्तरांनी मोबाईल खिशात ठेवला. मग टेबलावरच्या पेन्सिलींकडे बघत म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाने शेवटची चार वर्षं मला ओळखलं नाही. मला तो 'पोस्टमन' म्हणायचा. मी गेलो की विचारायचा, माझं काही आलंय का?" त्यांनी एक पेन्सिल सरळ केली. "मला वाटलं, त्याने काही केलं नाही. मी रोज केलं तर नाही होणार."

इतकी वर्षं संसार केला, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आठ महिने मी त्या निकालांची टिंगल करत होते. रोज सकाळी तो माणूस मला 'त्रेचाळीस' ओरडून सांगत होता, म्हणजे खरं तर 'आज नाही, आज अजून नाही' असं सांगत होता. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला.

बाईंनी त्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि मला टेबलापाशी बोलावलं. "काकू, आजची त्यांची परीक्षा बाद. पण तुमची घेते. गेल्या वर्षभरात घरी काय बदललंय?"

पास-नापास आता माझ्या हातात होतं. काही नाही, वयाचं असतंच तेवढं, असं म्हटलं असतं तर मास्तर खूश होऊन घरी आले असते. मी तोंड उघडलं तेही तेच म्हणायला. पण मला पहारेकऱ्याने दिलेली ती खुर्ची दिसली आणि मी सगळं सांगितलं. वार तीनदा विचारतात. गॅस दोनदा चालू राहिला. पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्याचं दुकान शोधत एकदा तासभर फिरले, ते मी लेकीपासून लपवलं. नावं अडखळतात. सांगताना मला चुगली केल्यासारखं वाटत होतं. बाई लिहून घेत होत्या.

"झोप कशी आहे? गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

गोळ्यांची पिशवी मी बरोबर नेली होती. बाईंनी ती डॉक्टरांकडे पाठवली आणि मागोमाग आम्हा दोघांनाही. डॉक्टरांनी एकेक पाकीट बघितलं आणि एका पिवळ्या पाकिटावर बोट ठेवलं. "ही शिंकांची गोळी? कधीपासून?"

"दोन वर्षं. रोज रात्री. हिने झोपही छान लागते," मास्तर कौतुकाने म्हणाले.

"हिनेच लागते. ही जुन्या पद्धतीची गोळी आहे, गुंगी आणणारी. या वयात रोज घेतली तर डोक्यावर मळभ राहू शकतं. ही बंद करू, दुसरी देतो. रक्त तपासू, कान तपासू. रक्तदाब सांभाळा, रोज चाला, माणसांत राहा. आणि तीन महिन्यांनी परत या. तेव्हा वेगळी प्रश्नपत्रिका असेल, मोठी. सर, एकच अट." डॉक्टर हसले. "अभ्यास करायचा नाही."

आठ महिने ते ॲप रोज मास्तरांची परीक्षा घेत होतं, पण गोळ्या कोणत्या घेता, एवढं त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

पुढचे तीन महिने मास्तरांना जे जड गेले, ते माझं मला ठाऊक. परीक्षा जवळ येतेय आणि पुस्तक उघडायचं नाही, ही शिक्षा त्यांना आयुष्यात कुणी दिली नव्हती. व्हिडिओ बघायची बंदी मी घातली आणि मीच पहारा दिला. एकदा पेपराच्या आड मोबाईल धरलेला पकडला. "घड्याळ बघत होतो," म्हणाले. समोरच्या भिंतीवर हातभर घड्याळ! संध्याकाळी आम्ही चालायला जायला लागलो. ॲपही चालूच होतं, पण चहानंतर. निकाल ओरडून सांगायचं मात्र बंद झालं. एक दिवस मला ते इतकं चुकल्यासारखं वाटलं की मीच आतून विचारलं, "अहो, आज किती?"

"एकेचाळीस," ते म्हणाले. "पण ते त्यांचं."

नवी गोळी लागू पडली. सकाळी ते पूर्वीपेक्षा ताजे दिसायला लागले. वार तीनदा विचारायचे तिथे एकदा विचारायला लागले. एकदाही न विचारता दिवस गेला की मी मनात साखर वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धास्तावायचे.

दुसरी परीक्षा दोन तास चालली. या वेळी मला बाहेर बसवलं. मास्तर बाहेर आले ते घामाघूम, शर्टाची बाही पेन्सिलीने काळी झालेली. "कसा होता पेपर?" मी विचारलं.

"अवघड होता," ते म्हणाले. एवढंच.

आठवड्याने डॉक्टरांनी निकाल सांगितला. लेकही आली होती. गणित, भाषा, लक्ष सगळं चांगलं, काही ठिकाणी वयाच्या मानाने उत्तम. गोळी बदलल्याने फायदा झालेला दिसतो. कान ठीक, रक्त ठीक. पण नवीन सांगितलेलं थोड्या वेळाने आठवण्यात त्यांच्या वयाच्या, त्यांच्याइतकं शिकलेल्या माणसापेक्षा ते मागे आहेत. "याला आजार म्हणण्याइतकं नाही. रोजचे व्यवहार तुम्ही करताय. आणि काहीच नाही असंही नाही," डॉक्टर म्हणाले. "काही लोक असेच राहतात, काही सुधारतात, काहींचं पुढे वाढतं. तुमचं काय होईल ते आज मी सांगू शकत नाही. वर्षाने पुन्हा बघू."

"म्हणजे पास की नापास?" मास्तरांनी विचारलं.

"निकाल राखून ठेवलाय असं समजा, सर."

आम्ही घरी आलो. लेक पाणी प्यायली, तिने पर्स उघडली, बंद केली. तिला शब्द दिल्याचं आठवत होतं. मी ठरवलं होतं की मीच वाईटपणा घ्यायचा. पण मास्तरांनी मला हाताने थांबवलं.

"भिंगरीला मी आणणार," ते म्हणाले.

"बाबा..."

"ऐक. मी आणणार, आणि तुझी आई माझ्याबरोबर येणार. रोज. मला रस्ता येतो. पण ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तो येत नाहीये हे मला कळणार नाही. तिला कळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येशील का गं?"

मी म्हटलं, "दुपारची झोप जाईल माझी." दुसरं काही म्हटलं असतं तर मी रडले असते. लेक मात्र रडलीच.

सोमवारी बारा वाजता आम्ही दोघं कपडे बदलून, चपला घालून बसलो. साडेबाराला बालवाडीच्या दारात उभे. आया, आजोबा, मावश्या अशी पंधरावीस माणसं होती, त्यात मास्तरांचे दोन जुने विद्यार्थीही होते, आता स्वतः बाप झालेले. त्यांनी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात भिंगरी पाठीवरची पिशवी उडवत आली आणि आम्हाला बघून थबकली.

"आज दोघं का?"

मी घाईने काहीतरी बोलणार होते, आजी फिरायला आलीय वगैरे. पण मास्तर तिच्यासमोर गुडघे कुरकुरत असतानाही खाली बसले, आणि मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्या जुन्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाले, "मला कधी कधी रस्ता आठवत नाही. म्हणून."

एक विद्यार्थी बुटाची नाडी बांधायला वाकला. भिंगरीने क्षणभर विचार केला.

"मला येतो," ती म्हणाली. "आधी औषधाचं दुकान. मग कुत्रेवाल्या काकूंचं घर. मग डावीकडे. मग पाण्याची टाकी."

"पुन्हा सांग," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं, आणि आमच्या दोघांच्या मधे घुसून एकेक हात धरून निघाली. ती एक खूण सांगायची आणि मास्तर तिच्यामागून ती म्हणायचे. पाण्याची टाकी आली तेव्हा ते चुकले. तिने त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलं, आणि ते म्हणाले.